इंट्राडे एन्ट्रीची वेळ कशी ठरवावी : सुरुवातीची मिनिटे आणि दुपारची मंदी टाळण्याची कप्पावार पद्धत

इंट्राडे व्यवहार करणाऱ्या बहुतेकांना हे ऐकून माहीत असते की बाजार उघडताना आणि बंद होताना व्हॉल्यूम जास्त असतो आणि मधल्या काळात तो ओसरतो. तरीही एन्ट्री चुकतात, कारण ही माहिती मोजमापात उतरवलेली नसते. "पहिली पंधरा मिनिटे सोडा, दुपारी थांबा" असा सरसकट नियम पाळला जातो आणि त्याच वेळी ब्रेकआउटचा व्हॉल्यूम मात्र आधीच्या दहा-वीस कॅन्डलच्या सरासरीशी ताडून पाहिला जातो. ही तुलना दिवसाच्या ठरावीक आकारामुळे सकाळी एका दिशेने फसवते आणि दुपारनंतर नेमकी उलट्या दिशेने. म्हणून या लेखात प्रत्येक शेअरसाठी वेळेचा तक्ता कसा तयार करायचा, त्यावरून एन्ट्रीच्या खिडक्या कशा ठरवायच्या आणि त्या खिडक्यांत व्हॉल्यूम कशाशी ताडायचा, हे क्रमाने दिले आहे.

पद्धत फक्त कधी एन्ट्री घेऊ नये, हे सांगते. कोणता शेअर घ्यावा किंवा भाव कोणत्या दिशेने जाईल, हे ती सांगत नाही. त्यासाठी आपली जी रीत असेल ती तशीच ठेवावी.

## पूर्वतयारी : माहिती गोळा करणे

ज्या शेअरमध्ये आपण व्यवहार करतो, त्याच्या १५ मिनिटांच्या कॅन्डल किमान ४० सत्रांसाठी घ्याव्यात. वीस सत्रांवरही तक्ता बनतो, पण त्यातला प्रत्येक कप्पा, म्हणजे दिवसातला पंधरा मिनिटांचा एक ठरावीक तुकडा, फक्त वीस आकड्यांवर उभा राहतो आणि दोन-तीन विचित्र दिवस त्याला डळमळीत करतात. प्रत्येक ओळीत वेळ, ओपन, हाय, लो, क्लोज आणि व्हॉल्यूम हवा.

सत्राची लांबी बाजाराप्रमाणे बदलते. मुंबईचे सत्र ३७५ मिनिटांचे, म्हणजे १५ मिनिटांच्या २५ कप्प्यांचे असते. न्यूयॉर्कचे ३९० मिनिटांचे, म्हणजे २६ कप्प्यांचे. टोकियोसारख्या बाजारात दुपारी व्यवहार तासभर थांबतात, त्यामुळे तिथे दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला व्हॉल्यूम पुन्हा उसळतो आणि दिवसाचा आकार दोन भागांत पाहावा लागतो. पुढचे उदाहरण २५ कप्प्यांचे आहे, पण सगळे हिशेब घड्याळाच्या वेळेऐवजी "उघडल्यापासून किती मिनिटे" या मापात केले आहेत, म्हणजे ते कुठेही लागू करता येतील.

माहितीतून काही दिवस बाजूला काढावेत : अपुऱ्या लांबीची सत्रे, त्या कंपनीचे निकाल जाहीर झालेला दिवस व त्यानंतरचा दिवस, डेरिव्हेटिव्हच्या एक्स्पायरीचा दिवस आणि निर्देशांकातील फेरबदल अमलात येण्याचा दिवस. या दिवसांचा आकार वेगळा असतो. विशेषतः निर्देशांकातील फेरबदलाच्या दिवशी निर्देशांक फंडांची खरेदी-विक्री बंद होण्याच्या वेळी एकवटते. काढलेले दिवस पुसून न टाकता वेगळ्या पानावर ठेवावेत.

तपासणी : प्रत्येक दिवसाच्या नेमक्या २५ ओळी आहेत का, हे मोजून पाहावे. त्यानंतर कॅन्डलवर लिहिलेली वेळ तिच्या सुरुवातीची आहे की शेवटची, हे ठरवावे. दिवसातल्या पहिल्या ओळीवर बाजार उघडण्याची वेळ असेल तर ती सुरुवातीची. पंधरा मिनिटे पुढची असेल तर शेवटची. माझ्या स्वतःच्या पहिल्या तक्त्यात मी हे पाहिले नव्हते. सगळे कप्पे एका घराने सरकले होते आणि बरेच आठवडे मी ज्या कॅन्डलला चौथी समजून एन्ट्री घेत होतो, ती प्रत्यक्षात तिसरी होती. नुकसान कुठून होते आहे हे कळेना, कारण नियम तर काटेकोर पाळला जात होता.

## टप्पा १ : प्रत्येक कॅन्डलला कप्प्याचा क्रमांक देणे

स्प्रेडशीटमध्ये `A` स्तंभात तारीख व वेळ आणि `K1` या घरात बाजार उघडण्याची वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत लिहावी. बाजार सव्वानऊला उघडत असेल तर ती संख्या ५५५ येते. मग `B` स्तंभात क्रमांकाचे सूत्र द्यावे :

```
=INT(ROUND(MOD(A2,1)*1440-$K$1,0)/15)+1
```

वेळ कॅन्डलच्या शेवटची असेल तर `K1` मध्ये १५ मिळवावेत, म्हणजे घर सरकणार नाही. `ROUND` वगळू नये. स्प्रेडशीट वेळेला दशांश अपूर्णांकात ठेवते आणि त्या अपूर्णांकातील सूक्ष्म चुकीमुळे एखादी कॅन्डल मागच्या कप्प्यात जाऊन पडते.

`C` स्तंभात त्या कॅन्डलची व्याप्ती टक्क्यांत काढावी, म्हणजे हाय वजा लो, भागिले ओपन, गुणिले १००. `D` स्तंभात व्हॉल्यूम ठेवावा. व्याप्तीमध्ये रात्रीचा गॅप मिसळू नये, कारण इथे आपल्याला त्या पंधरा मिनिटांत भाव किती हलला एवढेच हवे आहे. चार्टवरचा एटीआर मात्र आदल्या बंद भावापासून मोजतो, म्हणून पहिल्या कॅन्डलचा गॅप त्यात शिरतो आणि पुढचे कित्येक तास आकडा फुगवतो. सकाळच्या एन्ट्रीचा स्टॉपलॉस १५ मिनिटांच्या एटीआरवरून ठरवणे यामुळेच चुकीचे ठरते.

## टप्पा २ : कप्प्याचा मध्यक काढणे

आता `H` स्तंभात १ ते २५ क्रमांक लिहून प्रत्येकासमोर व्हॉल्यूमचा मध्यक काढावा. ४० सत्रांच्या एकूण १००० ओळी होतात :

```
=MEDIAN(IF($B$2:$B$1001=H2,$D$2:$D$1001))
```

जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र `Ctrl+Shift+Enter` दाबून द्यावे लागते. गूगल शीट्समध्ये ते `ARRAYFORMULA` मध्ये गुंडाळावे. व्याप्तीसाठी हेच सूत्र `C` स्तंभावर चालवावे.

इथे सरासरी वापरण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. समजा, चौदाव्या कप्प्यात, म्हणजे ऐन दुपारी, रोज सुमारे ३१ हजार शेअरचा व्यवहार होतो, पण चाळीसपैकी एका दिवशी मोठा ब्लॉक व्यवहार होऊन तिथे ८ लाखांचा आकडा पडला. सरासरी लगेच ५० हजारांवर जाते. दिवसातला सर्वात मंद कप्पा कागदावर मध्यम दिसू लागतो आणि मंदीचा पट्टा मधोमध तुटतो. मध्यक ३१ हजारांवरून हलत नाही.

उदाहरणासाठी एका काल्पनिक शेअरचा तक्ता घेऊ. आकडे हजारांत आहेत. पहिल्या कप्प्यापासून नवव्यापर्यंत मध्यक व्हॉल्यूम असा उतरत जातो : १८०, ११०, ८५, ७०, ६०, ५४, ५०, ४६, ४२. दहाव्यापासून सतराव्यापर्यंत तो तळाशी राहतो : ३८, ३५, ३३, ३२, ३१, ३२, ३४, ३६. अठराव्यापासून तो पुन्हा चढतो : ४०, ४५, ५०, ५६, ६४, ७८, १०० आणि शेवटी १४०.

व्याप्तीचा आकार असाच, पण थोडा वेगळा असतो. या शेअरची पहिल्या चार कप्प्यांतली मध्यक व्याप्ती ०.९५, ०.५५, ०.४० आणि ०.३४ टक्के आहे, दुपारी ती ०.१६ टक्क्यांपर्यंत येते आणि शेवटच्या कप्प्यात ०.३५ पर्यंतच चढते. म्हणजे अखेरीस व्हॉल्यूम सकाळच्या जवळ जातो, पण चढउतार तेवढा वाढत नाही. याला कारण आहे. सकाळी रात्रभर साचलेल्या बातम्यांचा भाव प्रथमच ठरत असतो. खरेदीदार-विक्रेत्यांचा अंदाज जुळलेला नसतो, आणि दोन्ही बाजूंना भाव लावणारे व्यापारी जोखीम ओळखून स्प्रेड रुंद ठेवतात. अखेरीस येणाऱ्या ऑर्डरचा बराच भाग बंद भावाशी बांधलेल्या फंडांचा आणि पोझिशन मिटवणाऱ्यांचा असतो. त्यांच्याकडे नवी माहिती नसते. म्हणून सुरुवातीचा पट्टा व्याप्तीवरून ठरवावा आणि दुपारचा व्हॉल्यूमवरून. दोन्हींना एकच माप लावल्यास एक तरी सीमा चुकते.

## टप्पा ३ : पट्ट्यांच्या सीमा आखणे

सर्व २५ कप्प्यांच्या मध्यक व्याप्तींचा पुन्हा एकदा मध्यक घ्यावा. आपल्या उदाहरणात तो ०.२४ टक्के आहे. जोवर कप्प्याची व्याप्ती याच्या दीडपटीहून, म्हणजे ०.३६ टक्क्यांहून जास्त आहे, तोवर सुरुवातीचा पट्टा चालू समजावा. तिसरा कप्पा ०.४० वर आहे आणि चौथा ०.३४ वर, म्हणून या शेअरसाठी पहिली ४५ मिनिटे वर्ज्य ठरतात. दुसऱ्या एखाद्या शेअरसाठी ती १५ किंवा ६० येतील आणि त्यात गैर काही नाही.

दुपारसाठी व्हॉल्यूमच्या २५ आकड्यांचा मध्यक घ्यावा. इथे तो ५० हजार आहे. त्याच्या पाऊणपटीखालचे, म्हणजे ३७.५ हजारांखालचे कप्पे मंदीचे. अकरावा ते सतरावा असे सात कप्पे त्यात बसतात. म्हणजे उघडल्यापासून १५०व्या ते २५५व्या मिनिटापर्यंत नवी एन्ट्री नाही.

दीडपट आणि पाऊणपट ही मापे मी ठरवलेली आहेत. ती थोडी इकडेतिकडे करण्यास हरकत नाही, मात्र महिन्याच्या सुरुवातीला ठरवलेले माप चालू व्यवहाराच्या सोयीसाठी मध्येच बदलू नये. शेवटचे तीन कप्पेही मी नव्या एन्ट्रीसाठी सोडतो, कारण एन्ट्रीनंतर भावाला हलायला पुरेसा वेळ उरत नाही. अशा रीतीने दोन खिडक्या मिळतात : ४५ ते १५० मिनिटे आणि २५५ ते ३३० मिनिटे.

सावधान : मंदीच्या पट्ट्यात मध्येच एखादा कप्पा उंच दिसत असेल तर तो लगेच खोडू नये. त्या वेळी जगातला दुसरा मोठा बाजार उघडत असण्याची शक्यता असते. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे नेतात तिथल्या बाजाराचा परिणाम वर्षातून दोनदा तासाभराने सरकतो, म्हणून अशा बदलानंतर जुन्या आणि नव्या आठवड्यांचे आकडे एकत्र करू नयेत.

## टप्पा ४ : व्हॉल्यूम योग्य गोष्टीशी ताडणे

बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून दोन कॅन्डल जवळून पाहू.

पहिली कॅन्डल पाचव्या कप्प्यातली, म्हणजे ६० ते ७५ मिनिटांची. तिच्यात ९६ हजारांचा व्यवहार झाला आहे. चार्टवरील दहा कॅन्डलच्या सरासरीत आजच्या पहिल्या चार आणि कालच्या शेवटच्या सहा कॅन्डल येतात, आणि त्या दहाही दिवसातल्या सर्वात गजबजलेल्या वेळेतल्या असतात. त्यांची सरासरी तक्त्याप्रमाणे सुमारे ९३ हजार येते. ९६ हजारांची कॅन्डल त्यापुढे अगदी सामान्य दिसते आणि माणूस ती सोडून देतो. पण पाचव्या कप्प्याचा स्वतःचा मध्यक ६० हजार आहे. त्या मापाने ही कॅन्डल १.६ पट आहे.

दुसरी कॅन्डल विसाव्या कप्प्यातली, म्हणजे २८५ ते ३०० मिनिटांची. तिचा व्हॉल्यूम ५४ हजार. आधीच्या दहा कॅन्डलमध्ये संपूर्ण दुपार येते आणि त्यांची सरासरी ३५.६ हजार असते. ५४ हजार म्हणजे दीडपट! व्हॉल्यूमसह ब्रेकआउट मिळाला, असे वाटते. विसाव्या कप्प्याचा मध्यक मात्र ५० हजार आहे, म्हणजे ही कॅन्डल रोजच्या एवढीच, जेमतेम १.०८ पट. त्या वेळी लोक रोजच परत येतात. आज विशेष काही घडलेले नाही.

म्हणून सापेक्ष व्हॉल्यूम नेहमी त्याच कप्प्याच्या मध्यकाने भागून काढावा. त्यावर आणखी एक दुरुस्ती लागते. काही दिवशी सगळाच दिवस भारी असतो आणि प्रत्येक कप्पा दीडपट दिसतो. त्यासाठी आजचा आतापर्यंतचा एकूण व्हॉल्यूम तक्त्यातील तेवढ्याच कप्प्यांच्या बेरजेने भागावा. पहिल्या चार कप्प्यांची बेरीज ४४५ हजार आहे. आज त्या वेळेपर्यंत ४६० हजार झाले असतील तर दिवसाची पातळी १.०३ येते, आणि पाचव्या कॅन्डलचे १.६ भागिले १.०३ केल्यावर १.५५ उरतात, म्हणजे हालचाल खरी आहे. आज त्या वेळेपर्यंत ७०० हजार झाले असतील तर पातळी १.५७ येते आणि त्याच कॅन्डलचे फक्त १.०२ उरतात.

तपासणी : कॅन्डल पूर्ण होण्याआधी हा भागाकार करू नये. अर्धवट कॅन्डलचा व्हॉल्यूम पूर्ण कप्प्याच्या मध्यकाशी ताडला की तो नेहमी कमीच दिसतो.

## टप्पा ५ : एन्ट्रीचे नियम

सुरुवातीच्या पट्ट्यात फक्त हाय आणि लो लिहून ठेवावेत. आदल्या रात्री लावून ठेवलेली कोणतीही ट्रिगर ऑर्डर बाजार उघडण्यापूर्वी रद्द करावी. पट्टा टाळायचा ठरवूनही तो प्रत्यक्षात मोडला जातो तो बहुधा इथेच, कारण ऑर्डर आपल्याला न विचारता पहिल्याच मिनिटात रुंद स्प्रेडमध्ये भरली जाते.

पहिल्या खिडकीत चार गोष्टी एकाच कॅन्डलवर जुळाव्या लागतात : क्लोज सुरुवातीच्या पट्ट्याच्या हाय किंवा लोच्या बाहेर असावा, पातळीने भागलेला सापेक्ष व्हॉल्यूम १.५ किंवा जास्त असावा. कॅन्डलची व्याप्ती त्या कप्प्याच्या मध्यक व्याप्तीच्या दुपटीहून कमी असावी. आणि स्टॉपलॉसचे अंतर त्या कप्प्याच्या एका सामान्य व्याप्तीपेक्षा कमी नसावे. तिसरी अट धावत्या भावामागे पळण्यापासून वाचवते, चौथी नेहमीच्या हेलकाव्यात स्टॉपलॉस उडण्यापासून.

वरचीच पाचवी कॅन्डल घेऊ. समजा, पहिल्या ४५ मिनिटांचा हाय ४०२.४ आहे. कॅन्डलचा ओपन ४०१.८, हाय ४०३.४, लो ४०१.६ आणि क्लोज ४०३.१. क्लोज हायच्या वर आहे. दुरुस्त सापेक्ष व्हॉल्यूम १.५५ आहे. व्याप्ती ०.४५ टक्के येते. या कप्प्याची मध्यक व्याप्ती ०.३१ टक्के धरली तर ती दीडपटीच्या आत आहे. स्टॉपलॉस लोच्या खाली ४०१.५ वर ठेवला तर अंतर १.६, म्हणजे ०.४० टक्के, जे ०.३१ पेक्षा जास्त आहे. चारही अटी जुळल्या, म्हणून ४०३.१ ची लिमिट ऑर्डर द्यावी. पुढच्या एका कप्प्यात ती भरली नाही तर रद्द करावी आणि भाव वर नेऊन पुन्हा लावू नये.

१५०वे मिनिट आले की न भरलेल्या सर्व ऑर्डर रद्द कराव्यात. आधीची पोझिशन चालू असेल तर ती ठेवण्यास हरकत नाही, पण दुपारच्या छोट्या कॅन्डल पाहून स्टॉपलॉस जवळ आणू नये. दुपारची व्याप्ती ०.१६ टक्के असते आणि विसाव्या कप्प्यापर्यंत ती ०.२५ च्या आसपास जाते. दुपारच्या मापाने आवळलेला स्टॉपलॉस व्हॉल्यूम परत येताच पहिल्या हेलकाव्यात लागतो, दिशा बरोबर असली तरीही.

दुसऱ्या खिडकीत संदर्भ बदलतो : आता मंदीच्या पट्ट्याचा हाय आणि लो धरावा. मंदीतच भाव त्याआधीची एखादी महत्त्वाची पातळी ओलांडून बाहेर गेला असेल तर अठराव्या कॅन्डलचा क्लोजही त्या पातळीच्या बाहेर टिकतो का ते पाहावे. पातळ व्हॉल्यूमवर भाव थोड्याशा ऑर्डरनेही बाहेर ढकलला जातो आणि खरे खरेदीदार-विक्रेते परतल्यावर अनेकदा आत येतो. लक्ष्य ठरवताना उरलेले कप्पे मोजावेत. चार कप्पे उरले म्हणजे हालचाल एका कप्प्याच्या चौपट अपेक्षित धरायची नसते. स्पष्ट कल नसताना ती साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे दुप्पट.

सावधान : मध्यवर्ती बँकेच्या निर्णयासारखी आधी जाहीर झालेली घोषणा दुपारी असेल, तर त्या दिवशी तक्ता गैरलागू आहे. घोषणेचा क्षण हाच नवा उघडण्याचा क्षण मानावा आणि कॅन्डलची व्याप्ती पुन्हा ०.३६ टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबावे.

## टप्पा ६ : स्वतःच्या जुन्या व्यवहारांवर पडताळणी

नियम लागू करण्यापूर्वी आपल्या मागच्या किमान शंभर एन्ट्रींना कप्प्याचा क्रमांक द्यावा आणि त्यांचे चार गट करावेत : सुरुवातीचा पट्टा, पहिली खिडकी, मंदी, आणि दुसरी खिडकी. शेवटच्या तीन कप्प्यांतल्या एन्ट्री वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्येक गटासाठी खर्च वजा जाता निकाल आणि स्लिपेज, म्हणजे हवा असलेला व मिळालेला भाव यांतील फरक, लिहावा. २५ कप्प्यांत शंभर व्यवहार वाटले तर कप्प्यामागे चारच येतात आणि त्यावरून काही ठरत नाही, म्हणून गट चारच ठेवावेत.

स्लिपेज निकालापेक्षा लवकर बोलते. निकालात नशिबाचा भाग मोठा असतो, पण सुरुवातीच्या पट्ट्यातील स्लिपेज पहिल्या खिडकीच्या कितीतरी पट दिसत असेल तर तेवढ्यावरही पट्टा टाळण्याचा निर्णय घेता येतो. उलट दोन्हींमध्ये फरकच दिसत नसेल, तर आपला शेअर अतिशय तरल आहे किंवा आपल्या ऑर्डर लहान आहेत; तिथे पट्टा आखडता येईल का ते पाहावे.

तक्ता दर महिन्याला ताज्या ४० सत्रांवर नव्याने काढावा. सीमा एका कप्प्याने सरकणे नेहमीचे आहे. ती एकदम तीन कप्प्यांनी सरकली तर बाजार बदलला असे मानण्याआधी कॅन्डलच्या वेळा पुन्हा तपासाव्यात.